न भरलेल्या फॉर्मांचा हिशेब: कापसाच्या पट्ट्यात ऑनलाइन सर्व्हे करताना

व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्मची लिंक टाकली, आठवड्याभरात दीडशे उत्तरं आली, शीटमध्ये तक्ता तयार झाला आणि 'आपल्या भागातले ४८ टक्के शेतकरी कामगंध सापळे लावतात' हे वाक्य अहवालात जाऊन बसलं. यवतमाळ, वर्धा, अमरावतीच्या पट्ट्यात संस्थांचे, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे आणि रावे या ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात आलेल्या कृषीच्या पोरांचे बरेच ऑनलाइन सर्व्हे असेच पार पडतात. ते वाक्य खोटंच असेल असं नाही. पण ते खरं आहे की नाही, हे त्या दीडशे उत्तरांकडे कितीही टक लावून पाहिलं तरी कळत नाही. त्यासाठी फॉर्म न भरणाऱ्यांकडे जावं लागतं.

भरणारे आणि न भरणारे यांच्यात मुळातच फरक असला की निकाल एका बाजूला झुकतो. याला नॉन-रिस्पॉन्स बायस म्हणतात. तो कसा ओळखायचा, कसा मोजायचा आणि कमी कसा करायचा, हे आपण एकाच उदाहरणातून शेवटपर्यंत पाहू. उदाहरणातले आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी बसवलेले आहेत. गणिताची रीत मात्र जशीच्या तशी वापरता येईल.

समजा, एका शेतकरी उत्पादक कंपनीचे ६०० सभासद आहेत आणि सगळे कपाशी घेतात. त्यातल्या १८० जणांकडे ओलित आहे, ४२० कोरडवाहू आहेत. कंपनीला जाणून घ्यायचं आहे की गुलाबी बोंडअळीसाठी यंदा किती सभासदांनी वावरात कामगंध सापळे लावले. त्यावरून पुढच्या हंगामात किती सापळे आणि त्यांत ठेवायच्या गंधाच्या ल्यूर मागवायच्या ते ठरणार आहे.

पहिलं काम: यादी

लिंक बनवण्याआधी सभासद रजिस्टर उघडा. वारलेले सभासद, दोनदा चढलेली नावं, वावर विकून गेलेले लोक बाजूला काढा, कारण ते 'न भरणारे' नाहीत, ते सर्व्हेत धरायचेच नव्हते. मग प्रत्येकापुढे तीन-चार गोष्टी लिहून ठेवा, ज्या रजिस्टरमधून किंवा सातबाऱ्यावरून सगळ्यांच्याच मिळतात: गाव, एकर, ओलित की कोरडवाहू, सातबारा कुणाच्या नावावर. या रकान्यांचं महत्त्व पुढे कळेल. फॉर्म न भरणाऱ्याबद्दल आपल्याकडे दुसरं काहीच नसतं, एवढंच असतं.

'ही लिंक पुढे पाठवा' असं कधीही लिहू नका. लिंक एकदा फिरायला लागली की ती किती जणांपर्यंत गेली हे कुणालाच माहीत राहत नाही. मग दीडशे उत्तरं ही सहाशेतली की सहा हजारांतली, सांगता येत नाही. भागायला खालचा आकडाच नसेल तर प्रतिसादाची टक्केवारी कसली काढणार?

मोबाइल नंबरही तपासून घ्या. आपल्याकडे रजिस्टरमधला नंबर पुष्कळदा पुण्याला किंवा नागपूरला असलेल्या पोराचा असतो, कारण नोंदणीच्या दिवशी ओटीपी त्याच्या मोबाइलवर मागवलेला असतो. सातबारा बाईच्या नावावर आणि मोबाइल नवऱ्याच्या खिशात, हेही नेहमीचंच. त्यामुळे फॉर्ममध्ये 'हा फॉर्म कोण भरत आहे: स्वतः सभासद, की घरचं दुसरं कुणी?' हा प्रश्न ठेवाच.

फॉर्म आणि प्रत्येकाची वेगळी लिंक

कुणी भरला आणि कुणाचा बाकी आहे हे कळायला हवं. सभासद क्रमांक लोकांना पाठ नसतो, म्हणून तो लिंकमध्येच घालून पाठवायचा. फॉर्मचा पहिला प्रश्न 'सभासद क्रमांक' ठेवा. मग फॉर्मच्या मेनूतल्या `Pre-fill form` किंवा `Get pre-filled link` मध्ये त्या प्रश्नाला कुठलाही आकडा देऊन लिंक घ्या. त्या लिंकमध्ये `entry.` आणि पुढे एक लांब आकडा दिसेल. यादीच्या शीटमध्ये A रकान्यात सभासद क्रमांक असतील, तर प्रत्येकाची लिंक अशी तयार होते (`FORM_ID` आणि `entry` चा आकडा तुमच्या फॉर्मचा टाका):

```
="https://docs.google.com/forms/d/e/FORM_ID/viewform?usp=pp_url&entry.1234567890="&A2
```

उत्तरं त्याच शीटला जोडली असतील आणि सभासद क्रमांक B रकान्यात येत असेल, तर कुणाचा फॉर्म आला हे असं कळतं:

```
=IF(COUNTIF('Form Responses 1'!B:B,A2)>0,"आला","बाकी")
```

असं केल्यावर फॉर्म निनावी राहत नाही. म्हणून 'तुमचं नाव अहवालात येणार नाही, क्रमांक फक्त पुन्हा निरोप पाठवायचा की नाही ते पाहण्यासाठी आहे' हे फॉर्मच्या वरच स्पष्ट लिहा.

सेटिंगमधलं `Limit to 1 response` बंद ठेवा. ते चालू असेल तर गूगलमध्ये लॉगिन करावं लागतं आणि तिथेच अर्धे लोक माघारी फिरतात. सातबाऱ्याचा फोटो अपलोड करायला सांगितला तरी तेच होतं. एकाच क्रमांकावरून दोन फॉर्म आले तर पहिला ठेवा, दुसरा सोडा. प्रश्न आठ-दहाच ठेवा. आडव्या-उभ्या रकान्यांचा ग्रिड प्रश्न नकोच. साध्या मोबाइलवर तो बाजूला सरकवावा लागतो, आणि उजवीकडे आणखी पर्याय आहेत हे बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही. मुख्य प्रश्न दुसरा किंवा तिसरा घ्या. एखाद्या माणसाने अर्धा भरून सोडलेला फॉर्म आपल्यापर्यंत येतच नाही, आणि तो कुठल्या प्रश्नावर कंटाळला हेही कळत नाही.

कधी पाठवायचा, कुणाच्या तोंडून

वेळ चुकली की झुकाव घरबसल्या तयार होतो. नोव्हेंबर-डिसेंबरात वेचणी जोरात असते. ज्याच्याकडे पंधरा-वीस एकर आहे तो मजूर लावतो आणि बांधावर बसून मोबाइल पाहू शकतो. दोन-तीन एकरवाला बायकोपोरांसह स्वतः वेचतो, किंवा दुसऱ्याच्या वावरात रोजाने जातो. त्या काळात पाठवलेला फॉर्म पहिल्याकडून भरून येतो आणि दुसऱ्याकडे राहून जातो. जानेवारीत तूर असते. त्यामुळे हंगामाबद्दलचे प्रश्न वेचणी आणि तूर आटोपल्यावर, फेब्रुवारीच्या सुमारास विचारलेले बरे. ओलितवाल्यांचा हरभरा-गहू तेव्हा उभा असतो, पण तुम्हाला खरी गरज कोरडवाहूवाल्यांच्या उत्तरांची आहे. दिवसाची वेळ म्हणाल तर रात्री जेवणं आटोपल्यानंतरची.

अनोळखी नंबरवरून आलेल्या लिंकवर बोट न ठेवणं हे आजकाल शहाणपणाचंच लक्षण आहे. पीएम किसानच्या नावाने फिरणाऱ्या खोट्या एपीके फायलींनी लोकांच्या खात्यातले पैसे गेले आहेत. म्हणून लिंकच्या आदल्या दिवशी, लिंक न जोडता, गावच्या गटप्रमुखाच्या आवाजात व्हॉइस मेसेज पाठवा: उद्या कंपनीचा फॉर्म येईल, पाच मिनिटं लागतात, त्यात आधार, बँक खातं, ओटीपी काहीच मागितलेलं नाही, आणि हे यासाठी हवं आहे. दुसऱ्या दिवशी लिंकही गटप्रमुखानेच आपापल्या पंचवीस-तीस लोकांना एकेकट्याला पाठवावी. एकाच नंबरवरून सहाशे जणांना मेसेज टाकले तर व्हॉट्सॲप तो नंबर बंद करू शकतं. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरायची असेल तर ध्यानात घ्या, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. बाकीच्यांना गेलाच नाही आणि आपण मात्र त्यांना 'प्रतिसाद दिला नाही' म्हणून मोजतो.

ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही त्यांची वेगळी खूण करून ठेवा. त्यांचा फॉर्म येणार नाही हे आधीच ठाऊक असतं, त्यांना थेट फोन करायचा.

बक्षिसाबद्दल एवढंच: टपालाने केलेल्या सर्व्हेंचा जुना अनुभव असा, की 'भरल्यावर देऊ' म्हटलेल्या मोठ्या रकमेपेक्षा आधीच हातात दिलेली छोटी वस्तू जास्त चालते. लकी ड्रॉचा परिणाम कमी, आणि त्याला भुलून येतात ते बहुधा तसेही आलेच असते. माझ्या मते तो पैसा फोन करणाऱ्या माणसाच्या मजुरीवर घालावा.

आठवण आणि तिचं वाचन

आठवण फक्त 'बाकी' असलेल्यांना द्यायची. ज्यांनी भरला त्यांना पुन्हा मेसेज गेला तर पुढच्या वर्षी ते भरत नाहीत. लिंकनंतर चौथ्या दिवशी एक, आठव्या दिवशी एक, बास. दोन्ही वेळा मजकूर बदला. पहिल्या आठवणीत 'तुमच्या गावातून अमुक फॉर्म आले, तुमचा बाकी आहे', दुसरीत 'सापळे लावले नसतील तरी भरा, ते उत्तरही तितकंच लागतं.' हे दुसरं वाक्य फार कामाचं आहे. सापळ्यांचा फॉर्म आला म्हणजे तो सापळे लावणाऱ्यांसाठीच आहे, असा न लावणाऱ्यांचा समज असतो आणि तिथूनच झुकाव सुरू होतो.

आपल्या उदाहरणात पहिल्या लिंकवर ८० उत्तरं आली आणि त्यात ४६ जणांनी सापळे लावले होते, म्हणजे ५८ टक्के. पहिल्या आठवणीनंतर ४५ आली, त्यात १९ हो, ४२ टक्के. दुसऱ्या आठवणीनंतर २५ आली, त्यात ७ हो, २८ टक्के. एकूण १५० पैकी ७२, म्हणून ४८ टक्के. पण तुकडे वेगळे पाहिले की उतार दिसतो: जितकं उशिरा भरणारा, तितके सापळे कमी. मग ज्यांनी भरलाच नाही त्यांच्यात ते आणखी कमी असावेत, असा संशय घ्यायला जागा आहे. हा पुरावा नव्हे. उशिरा भरणारे आणि न भरणारे दरवेळी सारखे नसतात. पण तुकड्यांत असा उतार दिसला तर ४८ हा आकडा तसाच छापू नये.

रजिस्टरशी ताडून पाहणं

आता पहिल्या दिवशी लिहिलेले रकाने बाहेर काढा. दीडशे फॉर्मांपैकी ९० ओलितवाल्यांचे आहेत आणि ६० कोरडवाहूंचे. म्हणजे ओलितवाल्यांपैकी निम्म्यांनी भरला, कोरडवाहूंपैकी सातांत एकाने. आणि 'हो' म्हणणारे ओलितवाल्यांत ९० पैकी ५४ (६० टक्के), कोरडवाहूंत ६० पैकी १८ (३० टक्के).

सोपी दुरुस्ती अशी, की प्रत्येक गटाला रजिस्टरमधला त्याचा खरा वाटा द्यायचा. १८० चे ६० टक्के १०८, आणि ४२० चे ३० टक्के १२६. बेरीज २३४, म्हणजे सहाशेत ३९ टक्के. याला वेटिंग, म्हणजे भार देणं, म्हणतात. अठ्ठेचाळीसचे एकोणचाळीस झाले.

बरेच जण इथेच थांबतात. पण या दुरुस्तीत एक गृहीत लपलेलं आहे: फॉर्म भरणारा कोरडवाहू शेतकरी आणि न भरणारा कोरडवाहू शेतकरी सापळ्यांच्या बाबतीत सारखेच. ज्या कोरडवाहू शेतकऱ्याने दिवसभराच्या कामानंतर कीड-नियंत्रणाचा फॉर्म भरला, तो मुळात या विषयात रस असलेलाच माणूस असणार. ओलित-कोरडवाहूचा रकाना हा फरक पकडू शकत नाही.

आणखी एक सापळा प्रतिसादाचा दर वाढवण्यातच आहे. समजा, तुम्ही जोर लावून उरलेल्या ९० ओलितवाल्यांचेही फॉर्म भरून घेतले, कारण ते रस्त्यालगतच्या गावांत राहतात आणि लगेच फोन उचलतात. त्यातल्या ४५ जणांनी सापळे लावले होते. आता २४० पैकी ११७ हो, म्हणजे ४९ टक्के. प्रतिसाद २५ वरून ४० टक्क्यांवर गेला आणि निकाल होता तिथेच, उलट एका टक्क्याने वर. सर्व्हेच्या पद्धतींचे अभ्यासक रॉबर्ट ग्रोव्ह्ज यांनी २००६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून हेच दाखवलं होतं, की नुसता प्रतिसादाचा दर पाहून झुकाव किती असेल ते ओळखता येत नाही. नुसत्या संख्येचाही उपयोग नसतो: अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने १९३६ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, तेवीस लाखांच्या आसपास परत आल्या, त्यावरून लँडन जिंकणार म्हणून छापलं, आणि ४८ पैकी ४६ राज्यं रूझवेल्टने घेतली.

न भरणाऱ्यांतून दहात एक

बाकीच्या ४५० जणांच्या मागे सारखंच धावण्यापेक्षा त्यातले थोडे निवडा आणि त्यांच्या मागे मात्र शेवटपर्यंत लागा. ही रीत हॅन्सन आणि हर्विट्झ या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये टपाल-सर्व्हेसाठी मांडली: टपालाने उत्तर न देणाऱ्यांतून एक नमुना काढायचा आणि त्यांना प्रत्यक्ष जाऊन भेटायचं. आपल्याकडे टपालाच्या जागी लिंक आहे, बाकी काही बदलत नाही.

निवड चिठ्ठ्या टाकून किंवा शीटमध्ये करा. 'बाकी' असलेल्यांपुढे `=RAND()` लिहा, आलेले आकडे `Paste special` मधून `Values only` करून गोठवा, त्याप्रमाणे यादी लावा आणि वरचे ४५ घ्या. ही निवड गावात जाणाऱ्यावर सोडू नका. तो बिचारा डांबरी रस्त्यालगतची, ओळखीची घरंच गाठणार. एकदा निघालेलं नाव बदलायचं नाही, 'सापडत नाही, शेजाऱ्याला विचारतो' हे चालणार नाही.

प्रत्येकाला किमान तीनदा, तीन वेगळ्या वेळी फोन करा. त्यातला एक आठवडी बाजाराच्या दिवशी असू द्या, त्या दिवशी माणूस रेंजमध्ये असतो. नाही लागला तर घरी जा. फोनवर आठ प्रश्न विचारू नका, मुख्य प्रश्न आणि त्याला जोडून एक-दोन, शब्द फॉर्ममधलेच. बोलणं साधारण असं होतं:

"नमस्कार काकाजी, कंपनीच्या ऑफिसातून बोलतो. तो फॉर्म पाठवला होता, सापळ्यांचा..."

"मले का समजते बाप्पा मोबाइलचं! पोरगं आलं का भरून देते."

"भरायचा नाही काकाजी, मीच विचारतो. दोन मिनिटं लागतील. यंदा पऱ्हाटीत कामगंध सापळे लावले होते का?"

"लावले ना."

इथे थांबू नका. फोनवर माणूस समोरच्याला बरं वाटेल असं बोलतो, फॉर्ममध्ये तेवढी भीड नसते. म्हणून लगेच पुढचं विचारा: किती लावले, आणि आतली ल्यूर किती वेळा बदलली? ल्यूर काही आठवड्यांनी बदलावी लागते हे सापळे लावणाऱ्याला माहीत असतं. 'ते काय असते?' असं उत्तर आलं तर सापळे नुसते घरी आले होते की वावरात लागले होते, ते शांतपणे विचारा. हाच जोडप्रश्न ऑनलाइन फॉर्ममध्येही हवा, नाहीतर दोन वेगळ्या काट्यांनी तोललेला कापूस एकाच पावतीवर चढवल्यासारखं होईल.

समजा ४५ पैकी ४० जण मिळाले आणि त्यातल्या ८ जणांनी सापळे लावले होते. म्हणजे न भरणाऱ्यांत २० टक्के. आता हिशेब: भरणारे १५०, त्यात ७२. न भरणारे ४५०, त्यांचे २० टक्के ९०. एकूण १६२, सहाशेत २७ टक्के. हेच दुसऱ्या बाजूने तपासता येतं:

```
झुकाव = न भरणाऱ्यांचा वाटा × (भरणाऱ्यांचं उत्तर − न भरणाऱ्यांचं उत्तर)
      = ०.७५ × (४८ − २०) = २१
```

अठ्ठेचाळीसमधून एकवीस गेले, सत्तावीस. वेटिंगने ३९ पर्यंत आणून सोडलं होतं, उरलेला फरक या चाळीस माणसांनी दाखवला. कंपनीने पहिल्या आकड्यावर भरवसा ठेवला असता तर २८८ सभासद सापळे लावतात असं धरलं असतं. आहेत १६२ च्या आसपास.

'आसपास' हा शब्द मात्र खरोखरच लागतो. चाळीस माणसांवरून काढलेल्या २० टक्क्यांत नमुन्याची चूक असतेच. ती धरली तर आपला २७ हा आकडा दोन्हीकडे सुमारे नऊ टक्क्यांनी हलू शकतो, म्हणजे १८ ते ३६. हे अंतर मोठं वाटत असेल तर पंचेचाळीसऐवजी नव्वद निवडा. पण एवढ्यातही ४८ हा आकडा बसत नाही, हे तर कळलं.

अहवालात काय लिहायचं

सहाशेपैकी किती जणांना लिंक पोचली, किती फॉर्म आले, कुठल्या गटातून किती आले, न भरणाऱ्यांतून किती निवडले, किती भेटले आणि कसे, हे सगळं आकड्यांत लिहा. ४८, ३९ आणि २७ हे तिन्ही आकडे द्या, कशाने काय बदललं ते वाचणाऱ्याला दिसू द्या.

न भेटलेले पाच जणही सोडू नका. दहात एक या हिशेबाने ते पन्नास सभासदांच्या जागी उभे आहेत. त्या पन्नासांपैकी एकानेही सापळे लावले नसतील तर एकूण २५ टक्के होतात, सगळ्यांनी लावले असतील तर ३४. हे दोन्ही आकडे अहवालात टाका आणि शेजारी कारण लिहा: दोघांचा नंबर बंद, एक कुटुंब कामासाठी बाहेरगावी, दोघांनी सांगायला नकार दिला. बंद नंबर पुढच्या सर्व्हेआधी रजिस्टरमध्ये दुरुस्त करून घेता येतात. नकार देणाऱ्यांना पुढच्या वेळी गटप्रमुखाने स्वतः विचारून पाहावं, मात्र तेव्हाही नको म्हणाले तर आग्रह करू नये.